हीरला विष कुणी दिलं?

हीर-रांझा म्हटलं की लोक डोळे पुसतात. पुसू द्या. पण हीरला मारलं कुणी, ते विचारा. नशिबानं नाही. घरच्यांनी.

वारिस शाहच्या आधी दामोदर कवीनं ही गोष्ट पंजाबीत सांगितली. त्यात दोघं जगतात, मक्केच्या वाटेला लागतात. 1766 साली वारिस शाहनं लिहिली तिच्यात लग्न लावून देतो म्हणतात, रांझाला वरात आणायला गावी धाडतात, आणि मागं चुलता कैदो नि भाऊबंद पोरीला विष देतात. बातमी ऐकून रांझाही जातो. लोकांच्या तोंडी हीच राहिली. जित्या जोडप्याची मागं पडली.

का? रांझाकडं बघा. भावांनी चांगली जमीन लाटली, ह्याच्या वाट्याला नापीक तुकडा. मग हा हीरच्या बापाच्या म्हशी राखतो. म्हशीमागं चालला, जावई म्हणून चालेना! जगला असता तर त्याची पोरं उद्या सियालांच्या पंगतीत बसली असती. मेलेला वाटा मागत नाही. म्हणून झंगला हीरच्या कबरीवर नवस बोलायला कुणाची ना नाही.

वारिसला दोष देऊ नका. त्यानं विष कुणी दिलं ते लपवलं नाही, हीरच्या तोंडून काझीलाही फैलावर घेतलं. ऐकणाऱ्यांनी त्यातला विरह तेवढा उचलला. 2016 साली आपल्याकडं 'सैराट' आला. झिंगाटवर सगळे नाचले. शेवट बघून गप्प घरी गेले, आणि कितीकांनी आधी पोरीचा मोबाइल तपासला.