धामापूरचा प्रवास : गाडी की एस.टी.?

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव पाहावा, असे गेल्या हिवाळ्यात घरात ठरले. मी, पत्नी, मुलगा आणि सून असे आम्ही चौघे, निघणार पुण्याहून. मुलाचा हिशेब तत्काळ तयार होता : "बाबा, पेट्रोल सव्वापाच हजारांचे. एस.टी. आणि रिक्षा धरून पावणेसहा हजार होतात. गाडीच स्वस्त!" बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हा ताळेबंद अपुरा वाटला.

प्रथम गाडी. जाऊन-येऊन आणि तेथील फिरणे मिळून सुमारे ८०० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरता पेट्रोल ५,२५० रुपये. हा १६ चा आकडा जाहिरातीतला नव्हे. टाकी काठोकाठ भरून, पुढच्या वेळी पुन्हा भरताना लागलेल्या लिटरांनी मधल्या किलोमीटरांना भागून तो काढलेला आहे. कोल्हापूरपर्यंत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके. चोवीस तासांत परतल्यास मिळणारी सवलत तीन दिवसांच्या सहलीला लागू नाही. म्हणून आठ वेळा पूर्ण टोल, सरासरी ९० प्रमाणे ७२० रुपये. मालवणात पार्किंगचे १३०.

राहिली झीज. टायर, ऑइल, ब्रेक आणि सर्व्हिसिंग यांचा खर्च किलोमीटरमागे दोन रुपये धरला, तर १,६०० रुपये. तो त्या दिवशी खिशातून जात नाही, म्हणून विसरला जातो. विम्याचा हप्ता मात्र मी मोजला नाही. गाडी दारात उभी राहिली तरी तो भरावाच लागतो. एकूण ७,७०० रुपये.

आता एस.टी. कुडाळचे पूर्ण तिकीट ६५० रुपये धरू. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच. म्हणजे आम्हा चौघांची तिकिटे अडीच, दोन्ही वेळचे ३,२५० रुपये. घर ते स्वारगेट रिक्षा ५००, कुडाळ-धामापूर जाऊन-येऊन ८००, तेथे एक दिवस फिरण्यास १,२००. एकूण ५,७५० रुपये.

मुलाला ५०० रुपयांनी स्वस्त वाटलेली गाडी प्रत्यक्षात १,९५० रुपयांनी महाग ठरली. मात्र हे उत्तर सर्वांचे नव्हे. गाडीचा खर्च माणसांवर अवलंबून नसतो, तिकिटांचा असतो. चौघेही पूर्ण तिकिटाचे असते, तर एस.टी.चा खर्चही बरोबर ७,७०० झाला असता; पाचवा माणूस आला की गाडी स्वस्त. तेव्हा प्रथम घरातली तिकिटे मोजावीत, मग किलोमीटर.

आम्ही एस.टी.ने गेलो. घाटात मुलगाही खिडकीबाहेर पाहत होता. एरवी त्याची नजर रस्त्यावरच राहिली असती.