तीस दिवसांचे सतरा

सरकारी संस्थांच्या सीसीटीव्ही निविदांत कॅमेऱ्यांची संख्या असते, मेगापिक्सेल असतात आणि '३० दिवसांचे रेकॉर्डिंग' ही अटही असते. एका कॅमेऱ्यातून दर सेकंदाला किती डेटा निघणार, म्हणजे त्याचा बिटरेट किती, हा आकडा मात्र अनेकदा गाळलेला असतो. पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा असतो, म्हणून तो लिहून घेण्याचा आग्रह आम्ही धरतो.

एखाद्या कृषी विद्यापीठाचा परिसर घ्या: वसतिगृहे, प्रयोगशाळा, गोदामे, शेताच्या कडेची फाटके मिळून ४०० कॅमेरे. सेकंदाला १ मेगाबिट असा प्रवाह अखंड चालला, तर दिवसाला १०.८ गिगाबाइट जागा लागते. ठेकेदाराने भर दुपारी एक कॅमेरा लावून पाहिला आणि बिटरेट २ मेगाबिट भरला असे धरू. ४०० गुणिले २ गुणिले १०.८ गुणिले ३० म्हणजे सुमारे २५९ टेराबाइट. तो १६ टेराबाइटच्या १८ डिस्क देतो. बेरीज २८८ टेराबाइट होते आणि कागदावर अट पूर्ण होते.

पण हा आकडा दुपारचा आहे. एच.२६५ सारखी पद्धत आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच नोंदवून जागा वाचवते. अंधार पडला की कॅमेरा मिळेल तो प्रकाश वाढवून दाखवतो आणि चित्रभर दाणे उठतात. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नवे असतात, त्यामुळे कोणी हलले नाही तरी सगळेच बदलते आहे असे यंत्राला वाटते. शेताकडेच्या कॅमेऱ्यांवर तर इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे जमतात, कोळी जाळी विणतात आणि जुलैत त्याच उजेडात पावसाची प्रत्येक धार चमकते. रात्रीचा बिटरेट सहज दुप्पट होतो. १२ तास २ आणि १२ तास ४ धरले तर सरासरी ३ मेगाबिट येते, आणि दिवसाला जवळजवळ १३ टेराबाइट लागतात.

आता त्या १८ डिस्क पाहा. डिस्क बिघडली तरी रेकॉर्डिंग वाचावे म्हणून त्या ९-९ च्या दोन गटांत रेड-६ पद्धतीने बांधल्या, तर प्रत्येक गटातून दोन डिस्कची जागा त्या सुरक्षेला जाते. हाती उरतात २२४ टेराबाइट, म्हणजे जेमतेम १७ दिवस. रेकॉर्डर जागा संपली की सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहितो आणि कोणतीही घंटा वाजत नाही. रॅगिंग सोसणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धीर करून बोलतो, तेव्हा त्या रात्रीचे काहीच उरलेले नसते. या परिसराला अशा किमान ३० डिस्क हव्या होत्या.

नेटवर्कचेही तेच. इमारतीतल्या २४ कॅमेऱ्यांच्या स्विचवर रात्रीसुद्धा शंभरेक मेगाबिट जातात, तिथे अडचण नाही. अडचण होते ती सर्व्हरच्या दाराशी. ४०० कॅमेऱ्यांचा दिवसाचा ओघ ८०० मेगाबिट असतो, तो १ गिगाबिटच्या जोडणीतून निघून जातो. रात्री तोच १,६०० मेगाबिट होतो आणि जोडणी तुंबते. मग चित्र मध्येच उड्या मारते, करड्या पट्ट्या दिसतात, काही सेकंद गायब असतात. दिवसा तपासणीला आलेल्या अभियंत्याला सगळे सुरळीत दिसते. मुख्य स्विचपासून सर्व्हरपर्यंत १० गिगाबिटची जोडणी हवी, किंवा कॅमेरे चार सर्व्हरवर वाटून द्यायला हवेत. नियंत्रण कक्षातल्या भिंतभर पडद्यांसाठी कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा दुसरा प्रवाह वापरला तर मूळ वाटेवर फारसा भार येत नाही.

बिटरेटला २ मेगाबिटची मर्यादा घालणे ही पळवाट सर्रास सुचवली जाते. तिने डिस्क पुरतात, पण मर्यादेत बसवण्यासाठी यंत्र तपशील पुसते आणि रात्रीचा चेहरा, गाडीचा क्रमांक चिखलासारखा दिसतो. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची युक्ती झाडे डोलणाऱ्या परिसरात जागा फारशी वाचवत नाही. त्यापेक्षा पैसे कमी असतील तर गोदामाच्या बंद दारावरचे कॅमेरे सेकंदाला ८ फ्रेमवर आणावेत. फाटके आणि वसतिगृहांचे जिने यांना हात लावू नये.

निविदेत रात्री दोन वाजताचा बिटरेट आणि रेड वजा करून उरणारी जागा, हे दोन्ही आकडे लिहावेत. शेवटचा हप्ता पावसाळ्यात ३१ दिवस पूर्ण झाल्यावरच द्यावा, आणि त्या दिवशी सर्वांत लांबच्या फाटकावरचे ३० दिवसांपूर्वीच्या मध्यरात्रीचे चित्रण कुलसचिवांनी स्वतः उघडून पाहावे.