चांगल्या शाखेने नाकारलेला शीतकक्ष

शाखा व्यवस्थापकाला गुंतवणुकीवरील परताव्याच्या टक्क्यावरच जोखावे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की टक्का समजायला सोपा आणि लहानमोठ्या शाखा त्यामुळे एकाच रांगेत उभ्या करता येतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी मांडलेले हे माप टाकाऊ नाही. पण व्यवस्थापकाचा बोनस त्याला बांधला, की त्याचा हात आखडतो.

औषध वितरणाची एक शाखा घ्या. तिच्यात गुंतलेत २ कोटी, वर्षाचा नफा ५० लाख, म्हणजे परतावा २५ टक्के. लसी ठेवण्यासाठी ४० लाखांचा शीतकक्ष बांधला, तर घसारा वजा जाता पहिल्या वर्षी ७.२ लाख नफा वाढेल, म्हणजे त्या गुंतवणुकीवर १८ टक्के. कंपनीला भांडवल पडते १२ टक्क्यांना. मालकाच्या दृष्टीने व्यवहार उघड फायद्याचा. पण शाखेचा एकूण परतावा २३.८ टक्क्यांवर उतरतो, आणि व्यवस्थापक प्रस्ताव वरच पाठवत नाही. उलट, ८ टक्के कमावणारी दुबळी शाखा १० टक्क्यांचा प्रकल्प आनंदाने उचलते, कारण तिची सरासरी वाढते; कंपनीचे मात्र नुकसान होते. म्हणजे जिथे पैसा घालावा तिथे तो अडतो आणि घालू नये तिथे वाहतो. या मापातला हा दोष मला अक्षम्य वाटतो.

अवशिष्ट उत्पन्न वेगळा प्रश्न विचारते: भांडवलाचा खर्च फेडून किती रुपये उरले? आधी ५० लाखांतून २४ लाख गेले, उरले २६. शीतकक्षानंतर ५७.२ लाखांतून २८.८ गेले, उरले २८.४. व्यवस्थापकाचा आकडा २.४ लाखांनी वाढला, तसा कंपनीचाही. आता तो प्रस्ताव घेऊन स्वतःच धावत येईल.

यावर आक्षेप येतो, की मोठी शाखा नुसत्या आकाराने जिंकेल. शाखांची आपसात तुलना केली तर हे खरे आहे. म्हणून प्रत्येक शाखेला तिच्याच ठरवलेल्या उद्दिष्टाशी, आणि गेल्या वर्षाच्या आकड्याशी ताडावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि मी तो मान्य करतो. ४० लाखांचे यंत्र पाच वर्षे दरवर्षी १२ लाख रोख देते. १२ टक्के दराने ते घेण्याजोगे आहे. पण सरळ रेषेच्या पद्धतीने ८ लाख घसारा लावला, तर नफा ४ लाख आणि भांडवलाचा खर्च ४.८ लाख, पहिल्या वर्षी ८० हजारांची तूट दिसते. घसाऱ्याने पुस्तकी किंमत उतरत जाते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून आकडा वर येतो. वर्षभरात बदली होणारा माणूस हे यंत्र घेणार नाही. तेव्हा बोनस एका वर्षावर न ठेवता तीन-चार वर्षांच्या बेरजेवर ठेवावा, आणि बदलीनंतरही त्याचा वाटा त्या माणसाच्या मागे जावा.