मामा ढगात, बिल माझ्या नावावर

मंडळी, आपलं मोबाइलचं बिल दरमहा साधारण किती येतं ते पाठ असतं, म्हणून आपण ते उघडूनही बघत नाही. गेल्या वर्षी एकदा मात्र ऑफिसात चहाचा कप हातात असताना उघडलं आणि चहा थंड झाला. अकरा हजारांवर आकडा! फॅमिली प्लॅन माझ्या नावावर, आणि लोचा झाला होता मामाच्या नंबरवर.

मामा राहतो कोरीटला, नंदुरबार जिल्ह्यात. मिरचीचा व्यवहार करतो, त्यामुळे फोन त्याच्या हाताला चिकटलेला. लेकीला भेटायला तो पहिल्यांदाच लंडनला निघाला, तेव्हा यूकेचा रोमिंग पॅक मीच घेऊन दिला. डेटा रोमिंग मीच ऑन केलं. वर, ‘तिथे मिरचीचे फोटो उघडले नाहीत तर?’ या त्याच्या टेन्शनवर उपाय म्हणून रोमिंगमध्येही सगळे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होतील अशी व्हॉट्सअॅपची सेटिंग मीच करून ठेवली. मी म्हणजे घरातला टेक्निकल माणूस ना!

बिलात २२ एमबी डेटा दिसत होता. वेळ पहाटे पाचची, म्हणजे विमान सुटून तीन तास झालेले. कुठल्या देशाचं नाव नाही, फक्त नेटवर्कचं एक अनोळखी नाव. मामाला फोन लावला तर म्हणाला, “अरे, तेव्हा तर मी घोरत होतो. फोन सदऱ्याच्या खिशात होता.”

खरं बोलत होता बिचारा. जे काही केलं ते फोनने केलं.

आता हा काय प्रकार आहे ते बघा. अकरा किलोमीटर उंचीवर, ताशी नऊशेच्या वेगाने जाणाऱ्या पत्र्याच्या नळीत जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल मिळत नाही. म्हणून काही विमान कंपन्या केबिनमध्येच छोटासा मोबाइल टॉवर बसवतात. छताच्या आत दडलेला, दिसतही नाही. आपला फोन थेट सॅटेलाइटशी बोलतो असं आपल्याला वाटतं, पण तो बोलतो या डोक्यावरच्या अँटेनाशी. तिथून पुढे सगळं विमानाच्या पाठीवरच्या मोठ्या अँटेनातून सॅटेलाइटकडे जातं. तो बऱ्याचदा ३६ हजार किलोमीटरवर असतो. महाग आहे तो हा दुसरा टप्पा. फोनला त्याची गंधवार्ता नसते. त्याला फक्त जवळच कुठेतरी फुल्ल सिग्नल दिसतो.

आणि फोनचा स्वभाव तर आपल्याला माहीत आहे. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क गेलं की तो दुसरं शोधत बसतो. समोर जे सापडेल, त्याचा आपल्या कंपनीशी रोमिंगचा करार असेल आणि सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू असेल, तर तो बिनदिक्कत आत शिरतो. भाव विचारत नाही. (मामाने जन्मात असा व्यवहार केला नसता.) डेटा रोमिंग ऑन असेल तर महिनाभर उपाशी असल्यासारखा मेल, बॅकअप, अपडेट, सगळं ओढायला लागतो.

पण मग यूकेचा पॅक कुठे गेला? इथेच मी गंडलो. पॅक देशांचे असतात, आणि विमान हा देश नाही. नेटवर्कच्या जागतिक नंबरांमध्ये भारताला ४०४ आणि ४०५ हे कोड आहेत. विमानं आणि जहाजांवरच्या अशा बऱ्याच नेटवर्कना ९०१ हा कोड दिलेला आहे, म्हणजे ‘कुठल्याच देशाचं नाही’. युरोपात रोमिंगच्या दरांवर सरकारी लगाम आहे, तोही जमिनीवरच्याच नेटवर्कना. पॅकच्या अटींमध्ये ‘विमान व क्रूझ वगळून’ अशी ओळ होती, अगदी शेवटी. मी ती बिल आल्यावर वाचली.

हिशोब करून बघूया. पॅकबाहेरचा डेटा मोजतात तो बहुधा १० केबीच्या तुकड्यांनी. समजा एका तुकड्याला पाच रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १ एमबीत असे शंभरेक तुकडे, म्हणजे झाले पाचशे रुपये. मिरचीच्या ढिगाभोवती फिरून काढलेला ८ एमबीचा एक व्हिडिओ चार हजारांना पडला. तसे दोन आले, बरोबर ‘शुभ सकाळ’वाली सूर्यफुलं. झाले की अकरा हजार!

प्रीपेडवाल्यांचं नुकसान निदान बॅलन्स संपला की थांबतं. पोस्टपेडचा खड्डा जास्त खोल.

यातून सुटका अगदी सोपी आहे, आणि तीच आपण कंटाळा म्हणून टाळतो. विमानाचं दार बंद व्हायच्या आत एअरप्लेन मोड. फक्त डेटा बंद करून भागत नाही, कारण फोन नेटवर्कवर असला की येणारा कॉल उचलल्याचेही पैसे लागू शकतात. चॅटिंग केल्याशिवाय राहवतच नसेल तर एअरप्लेन मोड तसाच ठेवून वाय-फाय चालू करा. विमानाच्या वाय-फायला सिम लागत नाही. पैसे पडणार असतील तर ते आधी सांगतात, मग तुम्ही कार्ड काढता. झोपेत बिल होत नाही. सिमवरूनच बोलायचं असेल तर विमानासाठीचे वेगळे पॅक असतात. २०२४ मध्ये एअरटेलने असे पॅक आणले तेव्हा ते १९५ रुपयांपासून होते, २५० एमबी आणि २४ तास. मामाच्या २२ एमबीसाठी तेवढ्यात काम झालं असतं. फक्त आपली विमान कंपनी त्या यादीत आहे का ते बघून घ्यायचं.

ड्युअल सिमवाल्यांनो, तुम्ही गालात हसू नका. परदेशी ई-सिम घेतलं तरी दुसऱ्या खणात आपलं भारतातलं सिम जागंच असतं, आणि ई-सिमला नेटवर्क मिळालं नाही तर काही फोन डेटासाठी गुपचूप दुसऱ्या सिमवर जातात. ते ‘डेटा स्विचिंग’ बंद हवं.

आणि ज्यांचा बॅलार्ड पिअरवरून क्रूझने गोव्याला जायचा वीकेंड प्लॅन शिजतोय त्यांच्यासाठी खास. तिकीट मुंबई ते गोवा, पासपोर्टवर शिक्का नाही, तरी जहाजावरचं नेटवर्क हे बिलाच्या भाषेत परदेशच. विमानापेक्षा इथे फसायला जास्त होतं, कारण किनारा जवळ असताना डेकवर आपलं नेटवर्क असतं आणि खाली पोलादी केबिनमध्ये उतरलं की जहाजाचं. फोन ये-जा करत राहतो. म्हणून नेटवर्क निवडीतलं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून आपली कंपनी हाताने निवडा आणि रोमिंग बंद ठेवा. किनारा दिसेनासा झाला की एअरप्लेन मोड. स्क्रीनवर `AeroMobile`, `Cellular at Sea` किंवा `901` ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजा की फोन आत शिरलाय.

मामाच्या परतीच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर एअरप्लेन मोडची तीनदा रिहर्सल घेतली. बिल आलं शून्य. पण मुंबईला उतरल्यावर तो मोड काढायचा असतो हे मी सांगितलंच नव्हतं. एअरपोर्टच्या दारात दीड तास मी त्याला फोन लावत होतो. शेवटी कुणा सहप्रवाशाच्या मोबाइलवरून त्याचा आवाज आला, “काय रे, माझा फोन बंद पाडलास का? आज मिरची काय भावाने गेली?”