मोठ्या लादीखाली माल की केमिकल?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये घराचं काम काढलं की सगळ्यात आधी जाते ती मोझॅकची लादी. तिच्या जागी हवी असते दोन बाय चार फुटांची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. मग ठेकेदार विचारतो, ‘मालात बसवू की केमिकलवर?’ माल म्हणजे रेती-सिमेंटचा आणि केमिकल म्हणजे गोणीत मिळणारं टाइल अ‍ॅडहेसिव्ह. मालाचा दर कमी असतो, म्हणून बरेचजण ‘मालातच बसवा, पूर्वीपासून तसंच चालत आलंय’ असं सांगून मोकळे होतात. हे उत्तर देण्याआधी थोडं थांबा.

पूर्वी जी लादी मालात बसायची ती पाणी पिणारी होती. मोझॅक, कोटा किंवा शहाबादी फरशीच्या पाठीत बारीक छिद्रं असतात. सिमेंटचं पाणी त्यांत शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि फरशी धरून ठेवतं. व्हिट्रिफाइड टाइल मात्र इतकी घट्ट भाजलेली असते की ती आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. सिमेंटला शिरायला जागाच मिळत नाही. शिवाय माल सुकताना थोडा आकसतो. लहान टाइलखाली हे खपून जातं. चार फुटी टाइलखाली मात्र कुठेतरी माल पाठ सोडतो आणि पोकळी राहते. नाण्याने ठोकून पाहा, तिथे भद्द आवाज येईल. पोकळी कडेला किंवा कोपऱ्यात असेल आणि तिथेच कपाटाचा पाय आला, तर टाइलला तडा जातो.

अ‍ॅडहेसिव्हमधलं पॉलिमर छिद्रांवर अवलंबून राहत नाही, ते गुळगुळीत पाठीलाही चिकटतं. म्हणून मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलसाठी अ‍ॅडहेसिव्हच घ्या. पण त्याच्याकडून लेव्हल करून घेऊ नका. ते पाच-सहा मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेलं असतं, खड्डे बुजवण्यासाठी नाही. जमीन उंचसखल असेल तर ती आधी मालाने सपाट करून घ्या, तो माल नीट वाळू द्या आणि मगच वर अ‍ॅडहेसिव्ह लावा. वाळण्यासाठी २८ दिवस मिळाले तर उत्तम. थोडक्यात, लेव्हल करायला माल आणि चिकटवायला केमिकल. ओल्या मालावर केमिकलची पावडर भुरभुरवून ‘दोन्ही वापरलंय’ असं कोणी सांगितलं, तर ते काम मालातलंच समजा.

आता जुन्या इमारतीतली दहा बाय बाराची एक खोली घेऊ. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे दोन बाय चारच्या पंधरा टाइल्स. जुनी मोझॅक न फोडता तिच्यावर दोन इंच माल टाकला, तर त्या मालाचंच वजन सुमारे ११०० किलो होतं. टाइल्सचे अडीचशेच्या आसपास धरले, तर एका खोलीत साडेतेराशे किलोंची भर पडते. त्याच मोझॅकवर अ‍ॅडहेसिव्हने टाइल्स बसवल्या, तर अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल्स मिळून साडेतीनशेच्या आतबाहेर. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ज्या इमारतीची अशी तपासणी करावी लागते, तिच्या स्लॅबवर विनाकारण टनभर बोजा चढवू नका. जुन्या लादीवर नवा माल कधीच नको.

मोझॅक ठेवायची की फोडायची, हे ती ठोकून पाहिल्यावर ठरवा. बहुतेक लाद्या भरीव वाजत असतील, हलत नसतील आणि जमीन सपाट असेल तर ठेवा. दोन-चार सुट्या लाद्या काढून तेवढीच जागा भरून घेता येते. बऱ्याच लाद्या पोकळ वाजत असतील, तर सगळी फोडणंच बरं. नवी टाइल सुट्या लादीला चिकटेल, पण लादीच जमिनीला चिकटलेली नसेल तर उपयोग काय? फोडायचं ठरलंच, तर डेब्रिज गच्चीवर किंवा नाल्यात न टाकता महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेला कळवा. ठेवणार असाल, तर वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि मेण ग्राइंडरने घासून पृष्ठभाग खडबडीत करून घ्या. नवी जमीन साधारण पंधरा मिलिमीटर उंच होईल. मुख्य दरवाजा, गॅलरीचा स्लायडिंग ट्रॅक आणि बाथरूमचा उंबरठा हे आधीच मोजून घ्या. हा सल्ला हॉल आणि बेडरूमपुरता आहे. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचा प्रश्न येतो, तिथला विचार वेगळा करावा लागतो.

गोणी घेताना तिच्यावर आयएस १५४७७ हा क्रमांक आणि टाइप पाहा. टाइप १ साध्या सिरॅमिक टाइलसाठी असतं, ते नको. व्हिट्रिफाइडला किमान टाइप २ लागतं. जुन्या लादीवर मोठी टाइल बसवायची असेल तर टाइप ३ घ्या, आणि टाइलवर टाइल बसवायला ते चालतं असं गोणीवर लिहिलेलं आहे ना, तेही वाचा.

पण चांगली गोणी आणूनही काम बिघडतं, कारण कारागीर अ‍ॅडहेसिव्ह मालासारखं वापरतो. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून ती दाबली, की गोळ्यांच्या मधली सगळी जागा पोकळ राहते. त्यापेक्षा तो मालच बरा म्हणायची वेळ येते. योग्य रीत अशी: दात्यांच्या पट्टीने जमिनीवर एकाच दिशेने सरळ रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीवरही पातळ थर फिरवायचा आणि टाइल रेघांना आडवी हलवत बसवायची, म्हणजे मधली हवा निघून जाते. एका वेळी एक-दोन टाइल्सपुरतंच पसरवायचं. बोट लावल्यावर ते बोटाला लागत नसेल, तर वर साय धरली आहे. ते खरवडून टाकायला लावा. घट्ट झालेल्या बादलीत पुन्हा पाणी घालू देऊ नका.

तपासायचं कसं? पहिली टाइल बसवल्यावर लगेच उचलायला सांगा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली दिसली तर काम नीट चाललंय. दुसरी तपासणी गोण्यांची. पाच-सहा मिलिमीटर थराला आपल्या खोलीत २० किलोच्या साधारण पाच गोण्या लागतात. दोनच गोण्यांत खोली संपली, तर खाली गोळे आहेत असं समजा.

टाइल टाइलला चिकटवून बसवण्याचा हट्टही सोडा. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवा आणि भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हाने तापलेल्या टाइल्सना पसरायला जागाच मिळाली नाही, तर त्या एकमेकींना रेटून मध्येच तंबूसारख्या उचलल्या जातात. लांब टाइल मध्ये किंचित फुगीर असते. म्हणून विटांसारखी रचना हवी असेल, तर सांधा अर्ध्यावर न आणता एक-तृतीयांशावर आणा, नाहीतर कडा पायाला लागतील.

हे सगळं तोंडी ठरवू नका. कोटेशनमध्ये जमीन लेव्हल करण्याचा खर्च वेगळा, अ‍ॅडहेसिव्हचा टाइप आणि गोण्यांची संख्या वेगळी आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. ‘गोळे चालणार नाहीत, पूर्ण पाठ भरली पाहिजे’ हे वाक्यही त्यात घाला. पोकळ वाजणारी टाइल बदलून देण्याची अट घाला, आणि सगळी जमीन ठोकून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.