दोन पांढऱ्या गोळ्या आणि एक उपवास

हरतालिकेचा कडक उपवास आपल्यापैकी किती जणींना असतो! आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनाही होता. संधिवातासाठी पाच महिने त्यांना रोज सकाळी दहा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी चालू. "एक दिवस नाही घेतली तर काय होतंय?" म्हणून त्यांनी ती त्या दिवशी घेतली नाही. पाणीही नाही, वर रात्रीचं जागरण. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे, मोदकांच्या गडबडीत गोळी पुन्हा राहिली. संध्याकाळी आरतीला उभ्या राहिल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, थंडगार घाम! घरचे म्हणाले, उपवासाचं पित्त झालंय. नशीब, डॉक्टरांनी आधी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" रक्तदाब खूप खाली गेला होता. सलाइन आणि शिरेतून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठं त्या सावरल्या.

नंतर मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीही कधी कधी उपवासाला गोळी चुकवता की. तुम्हाला कसं काही होत नाही?" प्रश्न बरोबर होता. माझी गोळी थायरॉइडची. दिसायला दोन्ही तशाच, बारीक, पांढऱ्या. पण स्वभाव वेगळा.

थायरॉइडच्या गोळीचा शरीरात साठा राहतो. तो निम्मा व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून एखादा दिवस चुकला तर बहुतेकींना काही जाणवत नाही. त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामं असताना घ्यावी; नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्यावी. मात्र नवरात्राचे नऊ दिवस सोडली, तर निम्म्याहून जास्त साठा संपतो. मग थकवा, अंग जड, बद्धकोष्ठ. त्यातच रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवून देतात, कारण गोळ्या सोडल्याचं आपण सांगितलेलंच नसतं! गरोदर बाईने तर एकही दिवस चुकवू नये.

ही गोळी तशीही उपाशीपोटीच घ्यायची असते. पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्या, चहा-दूध अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवून लगेच घेऊ नका. रात्री घ्यायची तर जेवणानंतर तीन तास तरी गेलेले हवेत. मी आता सरळ पहाटेच घेते.

स्टिरॉइडची गोष्ट उलटी. आपल्या मूत्रपिंडांवर अ‍ॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात, त्या हा रस रोज तयार करतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गोळी बाहेरून मिळाली की त्या आळसावतात. अचानक गोळी बंद झाली की त्यांना लगेच जागं होता येत नाही. साठाही उरत नाही, म्हणून एक-दोन दिवसांतच अंगातलं बळ जातं. ही गोळी बंद करायची ती डॉक्टरच, हळूहळू कमी करत.

शिवाय ती सकाळी काहीतरी खाऊन घ्यायची. एकादशी असेल तर दूध-केळं, भगर, साबुदाण्याची खिचडी, काहीही चालेल. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी. तीही टिकली नाही, किंवा घेरी, गुंगी, सतत उलट्या असतील, तर लिंबू-सरबत देत घरी बसू नका. दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, "स्टिरॉइड चालू होतं, चुकलं."

माझं स्पष्ट मत आहे, स्टिरॉइड चालू असणाऱ्या बाईने निर्जळी उपवास करूच नये. यात देवाचा कोप वगैरे काही नाही. महाभारतातल्या विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यात पाणी आहे, फळ आहे, दूध आहे आणि औषधही आहे! ज्यांनी व्रतं सांगितली त्यांनीच ही मोकळीक दिली, मग आपणच का जास्त कडक व्हायचं?

यंदा हरतालिकेला त्या वहिनींच्या सासूबाईंनी पूजेआधी दूध-केळं पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी गोळी घे, मग वाळूची पिंड कर." प्रत्येक घरात हे वाक्य सासूच्या तोंडून आलं, तर सुनेला गोळी लपवावी लागणार नाही.