कागदावर दीड रुपया, शिवारात साठ पैसे

परवा ओळखीतली एक मुलगी घरी आली होती. विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्र करतेय. सार्वजनिक अर्थशास्त्राच्या पेपरसाठी तिला सिंचन प्रकल्पाचं लाभ-व्यय विश्लेषण लिहायचंय. विषय अर्थातच जायकवाडी. "काका, तुम्ही इतकी वर्षं पाण्यावर बातम्या लिहिता, सवलतीचा दर किती धरू? दहा टक्के की पाच?" असं तिनं विचारलं. मी आधी चहा मागवला. कारण हा प्रश्न दिसतो तेवढा पुस्तकी नाही. यावर कोट्यवधींच्या मान्यता पडतात, आणि आपल्यासारखे लोक फक्त नारळ फुटल्याचा फोटो छापतो.

आधी सोप्या भाषेत. आज हातात असलेले शंभर रुपये आणि वीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये सारखे नसतात. दहा टक्के दराने वीस वर्षांनंतरच्या शंभराची आजची किंमत भरते जेमतेम पंधरा रुपये. पाच टक्क्यांनी तीच सदतीस-अडतीस. हा दर व्यक्तीसाठी वेगळा आणि समाजासाठी वेगळा. शेकडा तीनने सावकाराकडून उचल घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचा स्वतःचा दर वर्षाला छत्तीस टक्के झाला. त्या दराने बघितलं तर एकही धरण बांधायला नको. म्हणून सरकारनं समाजाचा दर धरायचा असतो. ब्रिटनचं सरकार साडेतीन टक्के धरतं. आपल्याकडे सिंचन प्रकल्पाच्या हिशेबात भांडवलावर दहा टक्के व्याज लावायची पद्धत आहे.

या पद्धतीला आपल्या मातीतला इतिहास आहे. धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकारानं पुण्याच्या गोखले संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली, ती 1948 साली प्रसिद्ध झाली. हे कालवे जायकवाडीच्या वरच्या अंगाचेच. पुढे 1964 साली त्यांच्याच समितीनं सांगितलं की प्रकल्पाला मान्यता देताना नुसती पाणीपट्टी किती येईल ते बघू नका, समाजाचा लाभ बघा, आणि एक रुपया खर्चाला दीड रुपया लाभ असावा. तो दीड आजही प्रत्येक प्रकल्प अहवालात बसलेला असतो. अवर्षणप्रवण भागासाठी तो एकावर आणला गेला. नंतर 1983 साली नितीन देसाई समितीनं अंतर्गत परताव्याचा दर बघा असं सुचवलं: साधारण भागात किमान नऊ टक्के, अवर्षणप्रवण भागात सात.

आता गंमत बघा. हा दीड काढतात कसा? समजा एक प्रकल्प शंभर कोटींचा. वर्षाचा खर्च धरायचा: दहा कोटी व्याज, एक कोटी घसारा, एक कोटी देखभाल. बारा कोटी झाले. लाभ म्हणजे पाणी आल्यावर पिकांचं निव्वळ उत्पन्न वजा पाणी येण्याआधीचं. तो अठरा कोटी दाखवला की अठरा भागिले बारा, दीड. सही, शिक्का, मान्यता.

या हिशेबात काय नाही? वेळ! पाणी पाचव्या वर्षी येणार की पंचविसाव्या, याला यात जागाच नाही. पूर्ण लाभ असलेलं एकच वर्ष घेतलंय आणि तेच जणू पहिल्या दिवसापासून आहे.

मुलीला म्हटलं, वही काढ. तोच शंभर कोटींचा प्रकल्प, देखभाल वजा जाता वर्षाला सतरा कोटी लाभ. पाच वर्षांत दरवर्षी वीस कोटी खर्चून पूर्ण केला आणि सहाव्या वर्षापासून पाणी सुटलं, तर दहा टक्क्यांनी एका रुपयाला सुमारे एक रुपया चाळीस पैसे मिळतात. ठीक आहे. आता तोच प्रकल्प वर्षाला पाच-पाच कोटी देत वीस वर्षं रखडवला आणि एकविसाव्या वर्षी पाणी आलं. खर्च एक रुपयानंही वाढला नाही असं समजू (हसू नका). तरी दहा टक्क्यांनी एका रुपयाला मिळतात साठ पैसे. म्हणजे न बांधलेला बरा. कागदावर मात्र तो अजूनही दीडच!

इथंच दराची करामत कळते. हाच रखडलेला प्रकल्प सात टक्क्यांनी मोजला तर रुपयाला एक रुपया अठरा पैसे होतात, पाचनं मोजला तर दोन रुपयांच्या वर. दर खाली आणला की उशीर माफ होतो.

म्हणून माझं मत दोन्ही बाजूंना कडू लागेल. मराठवाड्यासाठी कमी दर धरावा हे मला पटतं. पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असणार, म्हणून तिच्या रुपयाची किंमत कमी, हा चढ्या दरामागचा एक मोठा आधार आहे. पुण्या-मुंबईत तो खरा असेल. कोरडवाहू पैठण-गंगापूरच्या नातवाबद्दल हे कोण छातीठोक सांगणार? पण कमी दर हवा असेल तर लाभाचं वेळापत्रक खरं द्या. दोन्ही सवलती एकदम नाही मिळणार.

आता जायकवाडीच घ्या. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दहा वर्षांहून जास्त, आणि कालवे-चाऱ्यांची कामं त्यानंतरही चालू. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन पाण्याखाली गेली. ती गोदाकाठची काळी कसदार जमीन होती. तिचं दरवर्षी बुडणारं पीक हा खर्च आहे, नुसता एकदाचा मोबदला नाही. आणि लाभाच्या बाजूला? वरच्या धरणांनी पाणी अडवल्यावर नाथसागर किती वेळा रिकामा राहिला ते आपण बघितलंय. तीच गोदावरी नाशिक-नगरच्या प्रकल्पांच्या लाभात मोजलेली आणि जायकवाडीच्याही. एक पाणी दोनदा मोजलं तर दोन्ही प्रकल्प कागदावर पास होतात आणि शेवटी पासष्ट टक्क्यांच्या सूत्रावरून कोर्टात भेटतात.

उशिराचं दुसरं टोक म्हणजे विदर्भातलं गोसीखुर्द. मूळ किंमत 372 कोटी, पुढे सुधारित 18,494 कोटी. महागाई धरली तरी हे आकडे बोलतात. सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आली की खर्च वाढतो, पण गुणोत्तर मात्र घसरलेलं दिसू द्यायचं नसतं. मग ते सावरायची सोपी जागा म्हणजे पीकरचनेचा तक्ता. ज्वारी-बाजरीचं क्षेत्र कमी करा, भाजीपाला, फळबाग, ऊस वाढवा, भाव आजचे लावा. पत्रकार मित्रांनो, पुढच्या वेळी सुप्रमाची प्रत हातात आली तर रकमेआधी हा तक्ता बघा. जुन्या आणि नव्या अहवालातली पिकं शेजारी ठेवा. मग चारीच्या टोकाच्या गावात जा आणि खरं काय पेरलंय ते विचारा. धरलेलं क्षेत्र आणि भिजलेलं क्षेत्र यांतलं अंतर तिथंच कळतं.

मुलीनं शेवटी विचारलं, मग मी दर किती लिहू? म्हटलं, एक नको, तीन लिही: दहा, सात, पाच. आणि प्रत्येकाखाली दोन रकाने कर, पाणी ठरल्या वर्षी आलं तर आणि वीस वर्षांनी आलं तर. सहा आकडे होतील. तिचे सर म्हणाले तक्ता फार मोठा झालाय. मी म्हटलं राहू दे.